शेठ पोतं उचलत नाही

संध्याकाळी सातला हसनाबादमध्ये तीन गोष्टी एकदम होतात. लाईट जाते, डास येतात आणि माझा इंग्रजीचा क्लास सुरू होतो. पहिल्या दोन्हींबद्दल लोक उघड बोलतात. तिसरीबद्दल अजून कुणी तोंडावर काही बोललेलं नाही, तेवढ्यावर माझा प्रपंच चालला आहे.

क्लास म्हणजे पत्र्याची एक खोली. अलीकडे किराणा, पलीकडे मका-सोयाबीन घेणाऱ्या एका आडत्याचं गोदाम. मधली भिंत वरपर्यंत गेलेली नाही, त्यामुळे तिकडचं मापाचं ओरडणं आणि इकडची माझी क्रियापदं एकमेकांत मिसळतात. एकदा मी "गो, वेंट" म्हणून पोरांकडं पाहिलं, तर पोरांच्या आधी भिंतीपलीकडून आवाज आला, "गोण! एक गोण कमी हाय!" पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं.

तर त्या दिवशी दहावीतली पहिल्या बाकावरची पोरगी उभी राहिली. ही पोरगी उभी राहिली की माझ्या पोटात गोळा येतो, कारण तिला शंका असते. मागच्या बाकावरच्यांना शंका कधीच नसते. फार भली पोरं आहेत ती.

"सर, 'ही हॅड टु गो', याचा प्रश्न करा म्हणलंय."

"त्यात काय अवघड?" मी म्हणालो आणि मोबाईलच्या उजेडात फळ्यावर लिहिलं : डिड ही हॅड टु गो? मोठ्या अक्षरात लिहिलं. चूक करायची तर अक्षर चांगलं असावं, अशी आमच्या पिढीला सवय आहे.

"पुस्तकात 'डिड ही हॅव टु गो' आहे, सर."

"छपाईची चूक."

"शेवटी उत्तरं दिलीत, तिथंबी हॅवच आहे."

"छापणारा एकच ना? त्यानं दोनदा चूक केली."

पोरगी बसली, पण तिच्या बसण्यात शरणागती नव्हती. मी मात्र रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. बारा वर्षं मी 'डिड हॅड' शिकवत आलो होतो. माझ्या हातून शिकलेली पोरं जालन्यात, संभाजीनगरात, पुण्यात पांगली आहेत आणि जिथं असतील तिथं लोकांना 'डिड यू हॅड टु' विचारत असतील, या कल्पनेनं मला घाम फुटला. एखादी साथ गावातून निघते आणि कुणाला पत्ता लागत नाही, तसं झालं होतं.

खरं तर या साथीचा पहिला रोगी मीच. तरुणपणी एका शाळेत हंगामी नोकरी करताना (शाळा कुठली ते सोडा, तिथले लोक अजून हयात आहेत) मी न सांगता दोन दिवस गावी गेलो. वरून खुलासा मागवणारा कागद आला, त्यात इंग्रजीत विचारलं होतं, 'व्हाय डिड यू हॅड टु गो?' मी तितक्याच बाणेदारपणे उत्तर दिलं, 'बिकॉज आय डिड हॅड टु गो.' विचारणाऱ्याचं समाधान झालं, माझंही झालं. दोन चुकीची वाक्यं इतकी सुखानं समोरासमोर नांदताना मी नंतर फक्त काही लग्नांत पाहिली.

सकाळी उठून गुरुजींकडं गेलो. गुरुजी नव्वदीला टेकलेत. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान खालसा झालं, तोपर्यंत ते निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकले, मग मराठीतून, आणि इंग्रजी घरी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर. त्यामुळे तिन्ही भाषांचं व्याकरण त्यांच्याकडं आहे आणि तिन्हींत ते कुणाला बोलू देत नाहीत.

"गुरुजी, 'ही हॅड टु गो'चा प्रश्न काय होईल?"

"हॅड ही टु गो?" गुरुजी डोळे मिटून म्हणाले.

मला वाटलं म्हातारपण. दोन उत्तरांचा घोळ होता, आता तिसरं निघालं. मी हळूच म्हणालो, "पोरगी म्हणते, डिड ही हॅव टु गो."

"पोरीला सांग, हॅडला पाय आहेत. त्याला स्वतः पुढं जाता येतं. डिडची काठी कशाला?" आणि त्यांनी कपाटातून एक जीर्ण पुस्तक काढून दाखवलं. त्यात खरोखर तसं होतं. नकारही तसाच : 'आय हॅड नॉट टु गो.'

गुरुजी चुकलेले नव्हते, एवढं मला पुढं कळलं. जुन्या विलायती इंग्रजीत असं चालायचं, पुस्तकात आजही क्वचित दिसतं. पण आज कुणाला 'हॅड यू टु गो?' विचारणं म्हणजे एसटी स्टँडवर कंडक्टरला "आपणांस जालन्यास गमन करावे लागले काय?" असं विचारण्यासारखं आहे. व्याकरणाची चूक एकही नाही. फक्त गाडीतले सगळे तुमच्याकडं वळून बघतात.

आता माझ्यापुढं तीन पिढ्यांची तीन वाक्यं होती. गुरुजींचं 'हॅड यू टु', माझं 'डिड यू हॅड टु' आणि पोरीचं 'डिड यू हॅव टु'. गुरुजींचं जुनं झालं, पोरीचं बरोबर ठरलं, आणि मधल्या मधे निव्वळ चुकीचं असं एक माझंच उरलं. मधल्या पिढीचं असंच होतं म्हणा.

पोरगी संध्याकाळी पुन्हा उभी राहिली. "सर, पुस्तकच बरोबर असंल तर हॅडमधला भूतकाळ कुठं गेला?"

"डिडमध्ये."

"आन् डिड आधी कुठं होतं?"

बघा आता. डिड आधी कुठं होतं? 'ही हॅड टु गो' या साध्या वाक्यात डिडचा मागमूस नाही. प्रश्न विचारला की कुठून तरी येऊन उभं राहतं. मी उत्तरासाठी वर पत्र्याकडं पाहिलं आणि नेमका पलीकडून आडत्या शेठजींचा आवाज आला, "अरे कुणी हमाल हाय का? हे पोतं मी उचलू काय?"

मी आयुष्यात शेठजींचे कधी उपकार मानले असतील तर ते या वाक्याचे.

"ऐका," मी म्हणालो. "हॅव टु मधला हॅव हा शेठ आहे. साधं वाक्य असलं की तो गादीवर बसून आपला गल्ला आपणच सांभाळतो. भूतकाळ झाला तर भूतकाळही स्वतःजवळच ठेवतो, म्हणून तो हॅड होतो. पण प्रश्न आला किंवा 'नाही' आलं, की सामान हलवावं लागतं. शेठ पोतं उचलत नाही. तो हमाल बोलावतो. हमालाचं नाव डू. हमालानं भूतकाळाचं पोतं डोक्यावर घेतलं की तो झाला डिड. आता शेठजवळ काय राहिलं?"

"काहीच नाही."

"म्हणून हॅडचा हॅव झाला. डिड ही हॅव टु गो. ही डिडंट हॅव टु गो. पोतं एकच होतं, ते हमालाच्या डोक्यावर गेलं. मग 'डिड हॅड' म्हणजे काय?"

मागच्या बाकावरचा एक पोरगा, ज्यानं दोन वर्षांत तोंड उघडलं नव्हतं, तो म्हणाला, "एका पोत्याची दोनदा हमाली लावली."

त्याचे वडील बाजारात हमाली करतात, हे मला त्यानंतर कळलं.

सापडायला सोपी चूक आहे ही. वाक्यात डिड किंवा डिडंट दिसलं, की त्याच्या पुढच्या क्रियापदाकडं बोट न्यायचं. तिथं हॅड, वेंट, केम असं काही भूतकाळाचं बसलेलं असलं तर ते बिलात दुसऱ्यांदा लागलेलं आहे, खोडायचं. पण आपल्या कानाला मात्र ही चूक ऐकू येत नाही, आणि ती टिकते ती त्यामुळंच. इंग्रज माणूस घाईत 'हॅव टु' म्हणतो तेव्हा ते 'हॅफ्टु' होतं, आणि 'हॅड टु'मधला ड पुढच्या ट मध्ये विरघळून 'हॅट्टु' होतं. मी मोबाईलवर पोरांना एक संवाद ऐकवला. काय ऐकू आलं विचारलं तर एक जण म्हणाला, "सर, तो हाफ टु म्हणतोय. त्याचं हाफ तिकीट असंल." त्यानंतर मी ऐकवणं बंद केलं आणि वाचायला लावलं.

इतकं झाल्यावरही एक गोष्ट मला खुपत होती. हा हमाल आपल्याकडं नाही, मग पोरांच्या डोक्यात बसावा कसा? मराठीत प्रश्न करायचा तर शेवटी 'का' चिकटवला की झालं. जावं लागलं. जावं लागलं का? काही हललं नाही, काही गळलं नाही. म्हणून आपण इंग्रजीतही हॅड जागेवरच ठेवतो आणि डिड पुढं चिकटवतो, डिड म्हणजे जणू डाव्या हाताचा 'का'.

ह्या विचारात घरी जेवायला बसलो तर माय म्हणाली, "काल सांजच्याला तू दवाखान्यात न्यायला आला नाहीस."

माझा घास हातातच राहिला. मायला वाटलं, पोरगा ओशाळला. मी म्हणालो, "माय, परत म्हण."

"काय परत? तू आला नाहीस!"

"तू आलास. तू आला नाहीस. माय, तो 'स' कुठं गेला?"

"कुठला स?"

"आलास मधला स! तो निघून नाहीसमध्ये जाऊन बसला!"

मायनं बायकोकडं पाहिलं. बायकोनं मान हलवली आणि माझ्या ताटातली भाकरी मोजली. पण मी उठून चालू लागलो होतो. तू जातोस, तू जात नाहीस. ते जातात, ते जात नाहीत. 'नाही' आली रे आली, की क्रियापद आपल्या अंगावरचं ओझं तिच्या हवाली करून मोकळं होतं. आणि आपल्या सक्तीच्या वाक्यात तर हुबेहूब : 'मला रोज जावं लागत होतं', 'मला रोज जावं लागत नव्हतं'. भूतकाळ होता तो होतंमध्ये, नकार आल्यावर तो सगळाच्या सगळा नव्हतंनं उचलला. 'लागत होतं नव्हतं' असं आपल्यातला कुणी बोलत नाही, दोन वर्षांचं पोरगंसुद्धा नाही. 'आय डिडंट हॅड टु' हे इंग्रजांच्या कानाला तसंच लागतं. म्हणजे हमाल आपल्याकडंही होता, फक्त तो नकाराचीच पोती उचलतो, प्रश्नाची नाही.

दुसऱ्या दिवशी हे वर्गात सांगितलं. पोरगी विचार करून म्हणाली, "मंग सर, तुमचं नकाराचं तरी चुकायला नको होतं." मी तिला सांगितलं की जास्त विचार केल्यानं मार्क कमी होतात.

इथवर गाडी रुळावर होती. मग मला दुर्बुद्धी झाली आणि मी 'हॅव गॉट' काढलं.

आपल्याकडं 'हॅव'ला एक असा शब्द नाही. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडं ट्रॅक्टर आहे, माझ्याजवळ सुट्टे आहेत, माझ्या अंगात ताप आहे. भाऊ, ट्रॅक्टर, सुट्टे आणि ताप यांना आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. इंग्रज सगळे एकाच खिशात कोंबतो, आय हॅव म्हणतो आणि घरगुती बोलण्यात आय हॅव गॉट म्हणतो. दोन्हींचा अर्थ तोच, 'आहे'. पण 'गॉट' म्हणजे 'मिळालं' हे पोरांनी पाचवीतच पाठ केलेलं असतं.

"आय हॅव गॉट टू ब्रदर्स," मी म्हणालो.

"कुठं मिळाले, सर?"

"मिळाले नाहीत. आहेत."

"मंग गॉट कशाला?"

"असू दे. शोभेला."

शोभेला हे काही अगदीच खोटं नाही. मुळात त्याचा अर्थ 'मिळवलेलं आहे' असाच होता, वापरून वापरून नुसतं 'आहे' उरलं. अमेरिकेत तर खरंच मिळालं असेल तर 'हॅव गॉटन' म्हणतात आणि नुसतं जवळ असेल तर 'हॅव गॉट', म्हणजे त्यांनी भांडणच मिटवून टाकलं. पण खरी गंमत पुढं आहे. हा 'गॉट' शेजारी येऊन बसला की हॅवचा हुद्दा उतरतो. 'हॅव गॉट'मधला हॅव शेठ नाही, तो स्वतःच हमाल आहे. म्हणून प्रश्न आला की तोच उठून पुढं येतो : हॅव यू गॉट चेंज? नाही म्हणायचं तर नकार त्याच्याच अंगावर : आय हॅवंट गॉट चेंज. 'डू यू हॅव गॉट' म्हणणं म्हणजे हमालानं हमाल बोलावणं. आणि साध्या 'हॅव'ला मात्र आजकाल डूच लागतो : डू यू हॅव चेंज?

हे आपल्याला गुरुजींचं कोडंही सोडवून देतं. त्यांच्या पुस्तकाच्या काळात हॅव शेठ असूनही पोतं स्वतः उचलायचा. मी हे गुरुजींना सांगितलं तेव्हा ते प्रसन्न झाले. म्हणाले, "आमच्या वेळी शेठलाही काम करायची लाज नव्हती."

पोरांना सराव हवा म्हणून रविवारी दोघांना घेऊन एसटीनं जालन्याला निघालो. अट एकच, प्रवासभर इंग्रजी. कंडक्टर आल्यावर एकानं छाती फुगवून विचारलं, "हॅव यू गॉट चेंज?"

कंडक्टरनं मशीनवरून मान वर न करता सांगितलं, "नाय. फोनवरून टाक."

दुसरा त्याहून धीट. "डू यू हॅव टु गो टु जालना?"

कंडक्टर थांबला. त्यानं पोराकडं पाहिलं, मग पाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "भाऊ, गाडीच जालन्याची हाय. मला जावंच लागतं ना." आणि पुढच्या सीटकडं जाता जाता म्हणाला, "रोज जावं लागतं."

मी पोराला कानात सांगितलं की रोजचं असल्यामुळं 'डू यू हॅव टु' हेच चांगलं. 'हॅव यू गॉट टु गो' हे आत्ताच्या, या घडीच्या निकडीला जास्त शोभतं, रोजच्या रहाटगाडग्याला तितकं नाही. पोरगा म्हणाला, "आन् काल जावं लागलं का, असं विचारायचं असलं तर? हॅड यू गॉट टु गो?"

इथं 'हॅव गॉट टु'ची गाडी बंद पडते. ती वर्तमानाच्या गावातच फिरते, मागं जातच नाही. काल, परवा, गेल्या दिवाळीत अशी कुठलीही सक्ती असली की प्रवाशांनी निमूट उतरून दुसऱ्या गाडीत बसायचं : डिड यू हॅव टु गो? 'मस्ट'चंही तसंच, त्यालाही या अर्थानं भूतकाळ नाही, तोही शेवटी 'हॅड टु'च्या दारात उभा. कालची सक्ती सांगायला सगळ्या इंग्रजीत ही एकच खात्रीची गाडी आहे, आणि मी बारा वर्षं तीच पंक्चर करत होतो.

आता लग्नाकडं येतो, कारण खरं शिक्षण तिथं झालं.

बहिणीच्या नणंदेच्या मुलाचं लग्न जाफराबादकडच्या एका गावात होतं. निरोपाच्या मेसेजमध्ये दोन तारखा होत्या, एक हळदीची, एक लग्नाची. मी इंग्रजीचा मास्तर, मराठी मेसेज नीट वाचत नाही. कोट घालून, आहेराचं पाकीट घेऊन, भाड्याच्या गाडीनं मी हळदीच्या दिवशी दुपारी पोचलो. मांडवात एक माणूस बांबू रोवत होता, दुसरा कोण कुठला रोवायचा यावर वाद घालत होता.

बहीण पळत आली. "अरे दादा, आज यायला नको होतं!"

मी दुखावलो. "नको होतं? मग जातो."

"तसं नाही रे बाबा. आज यायची गरज नव्हती, असं म्हणते मी."

उन्हात उभा राहून मी त्या दोन वाक्यांकडं पाहत राहिलो. काय सुरेख फरक! 'यायला नको होतं' म्हणजे आलास ही चूक केलीस, इंग्रजीत 'यू शुडंट हॅव कम'. 'गरज नव्हती, उगाच आलास' म्हणजे 'यू नीडंट हॅव कम', यात मी आलोच आहे, भाडंही गेलं आहे, फुकट गेलं आहे एवढंच. आणि 'यू डिडंट हॅव टु कम'? ते फक्त इतकंच सांगतं की सक्ती नव्हती. मी आलो की घरी झोपलो, याबद्दल ते वाक्य अक्षर बोलत नाही. आपलं 'यावं लागलं नाही' मात्र स्पष्ट सांगतं की माणूस आलाच नाही, वाचला. म्हणून 'यावं लागलं नाही'चं इंग्रजी 'डिडंट हॅव टु कम' असं बिनधास्त करता येतं, पण 'डिडंट हॅव टु कम'चं मराठी करताना आधी विचारावं लागतं, बाबा, तू आला होतास का?

"दादा, उन्हात काय उभा? आत चल," बहीण म्हणाली.

"थांब. तू आत्ता म्हणालीस त्यातलं पहिलं वाक्य पुन्हा म्हण."

तिनं नवऱ्याला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी लग्न. मुहूर्त टळायला दहा मिनिटं होती, नवरदेव अजून घोड्यावर, वरात डीजेच्या मागं. भटजी घड्याळ पाहत होते. अशा वेळी मांडवातल्या लोकांना धरून ठेवायला कुणीतरी माईक माझ्या हातात दिला. "सर, शुभेच्छा द्या दोन शब्दांत."

दोन शब्द म्हणजे हॅव आणि टु, असं मी समजलो असेन. मी नवदांपत्याला आशीर्वाद देऊन सुरुवात केली, मग म्हणालो की संसारात सक्ती फार असते, 'हॅव टु' फार असतं, पण सक्तीचेही प्रकार आहेत. मग शेठ आला. हमाल आला. तू आलास, तू आला नाहीस झालं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मान डोलावली, त्यामुळं मी 'हॅव गॉट'ही घेतलं. आजोबांना झोप लागली होती हे नंतर समजलं. नवरदेव येऊन पाटावर उभा राहिला, अंतरपाट धरला गेला, भटजींनी दोनदा खाकरलं, अक्षता वाटून लोकांच्या मुठीत ओल्या झाल्या. मी गुरुजींच्या जुन्या पुस्तकापर्यंत पोचलो होतो, तेव्हा माईकवाल्यानं वायर काढली.

खाली उतरलो तर पुण्याचा भाचा उभा. इंग्रजी शाळेतला, अकरावीला, मराठी बोलताना डोळे फिरवणारा. तो माझ्याकडं पाहून कपाळाला हात लावून म्हणाला,

"मामा! डिड यू हॅव टु?"

माझे डोळे भरून आले. मी त्याला मिठी मारली. "शाब्बास! बघा, बघा हो सगळे! डिड यू हॅव टु! हॅड नाही, हॅव! हमाल पुढं, शेठ रिकामा! पुढचं क्रियापदसुद्धा गिळलं पठ्ठ्यानं!"

भाचा माझ्या मिठीतून आईकडं पाहत होता. बहिणीनं तोंडाला पदर लावला. आणि मग, आधी मानेच्या मागं आणि मग कानांच्या पाळ्यांपर्यंत, मला हळूहळू कळत गेलं की पोरानं माझ्याकडून माहिती मागितली नव्हती. इंग्रजीत हे वाक्य एक टोमणाही आहे. 'बोलायलाच पाहिजे होतं का?' 'तिथं नाक खुपसलंच पाहिजे होतं का?' विचारणाऱ्याला सक्ती नव्हती हे पक्कं माहीत असतं. उत्तर नको असतं, तोंड बंद हवं असतं. हे माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं, आणि गुरुजींच्या 'हॅड यू टु'मध्ये तर हा टोमणा बसणारच नाही, त्याला फेटा बांधावा लागेल.

पण मास्तर हरत नसतो. मी कोट झटकला आणि म्हणालो, "आय डिड हॅव टु."

"आँ?" बहीण म्हणाली. "काय म्हणला हा?"

"मी म्हणालो, बोलावंच लागलं. प्रश्न नसताना, नकार नसताना साध्या वाक्यात डिड आणला, की तो आपल्या 'च'चं काम करतो. 'आय हॅड टु' म्हणजे बोलावं लागलं. 'आय डिड हॅव टु' म्हणजे बोलावंच लागलं, कुणी काही म्हणो. इथं सामान हलवायची गरज नसतानाही हमालाला बोलावलंय, नुसता जोर दाखवायला."

"कुणी लावलं बोलायला?" बहीण म्हणाली.

यावर इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना. मी जेवायच्या रांगेत गेलो.

परवा क्लास पुन्हा सुरू झाला. लाईट गेलेली, डास आलेले.

"सर, दोन दिवस आला नाहीत," पहिल्या बाकावरची म्हणाली. नाहीत. त आपल्या जागी बरोबर जाऊन बसला होता. मला भरून आलं.

"आय हॅड टु गो टु अ वेडिंग," मी म्हणालो.

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "डिड यू हॅव टु?"

वाक्य निर्दोष होतं. मी फळ्याकडं वळलो, खडू शोधायला लागलो, आणि मोबाईलच्या उजेडात पाठीमागं कोण कोण हसतंय ते काही दिसेना.